उजव्या पायातला गिअर

मी ज्या बुलेटवर गाडी शिकलो तिचा गिअर उजव्या पायात होता आणि ब्रेक डाव्या पायात. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. आमच्या साताऱ्यात तेव्हा मित्रांकडे सीडी हंड्रेड आणि आरएक्स हंड्रेड होत्या, त्यांचं सगळं उलट, म्हणजे आज सगळ्याच गाड्यांचं असतं तसं. त्यामुळे मित्र माझी गाडी मागायचे नाहीत आणि मी त्यांच्या गाडीवर फारसा बसायचो नाही. कॉलेजची वर्षं आणि नोकरीची पहिली काही वर्षं काकांच्या त्या एकाच बुलेटवर गेली. सातारा-पुणे रस्ता माझ्या पायांनी तिच्यावरच पाठ केला. मग लग्न झालं, पुण्यात घर झालं, मुलगी झाली, चारचाकी आली, आणि काकांनी बुलेट विकली तेव्हा मला फार वाईट वाटायलाही सवड नव्हती.

तीस वर्षांनी, चोपन्नाव्या वर्षी, मी पुन्हा बुलेटच्याच घराण्यातली गाडी घेतली, क्लासिक ३५०. मधल्या काळात मी एकदाही दुचाकी चालवली नव्हती. परवान्यावर मात्र चारचाकीबरोबर मोटरसायकलचा शिक्का पहिल्यापासून होता आणि दर नूतनीकरणात तो आपोआप पुढे येत राहिला. चाळिशी उलटलेल्याला नूतनीकरणासाठी डॉक्टरांचा दाखला जोडावा लागतो, तो मी जोडला होता. डोळे, कान, हातपाय सगळं ठीक असल्याचं त्यात लिहिलं होतं. पण या पायांना शेवटची माहीत असलेली गाडी कुठली, हे विचारणारा रकाना त्या अर्जात नसतो. माझ्या बाबतीत सगळा प्रश्न तिथेच होता.

तीस वर्षांनी गाडीवर बसणाऱ्याला लोक सांगतात की सायकल आणि गाडी माणूस कधी विसरत नाही. ते खरं आहे, आणि म्हणूनच मला भीती वाटत होती. तोल कसा सांभाळायचा हे अंग विसरत नाही, तसंच संकटात कुठला पाय दाबायचा हेही विसरत नाही. माझं अंग अडचणीच्या क्षणी डावा पाय खाली दाबणार. नव्या गाडीवर डाव्या पायाखाली गिअर आहे. पंजा दाबला तर गाडी एक गिअर खाली येते, टाच दाबली तर एक गिअर वर जाते. दोन्हींत ब्रेक लागत नाही. आणि घाईघाईत गिअर बदलायला उजवा पाय दाबला, तर मागचा ब्रेक करकचून लागतो आणि मागून येणाऱ्याला काही कळायच्या आत आपण त्याच्यासमोर थांबलेले असतो.

म्हणून गाडी ताब्यात घेतली ती शोरूममधल्या माणसाकडून घरापर्यंत आणवली. आमच्या भागात एका अर्धवट राहिलेल्या वसाहतीचे डांबरी रस्ते आहेत. प्लॉट पडले, दिवे लागले, घरं काही झाली नाहीत. रविवारी सकाळी तिथे चालायला येणारी चार माणसं आणि कुत्री सोडली तर कोणी नसतं. तिथे मी पहिल्यांदा फक्त थांबायचा सराव केला. पहिल्या गिअरमध्ये निघायचं, दुसरा टाकायचा, वीसच्या आसपास वेग आला की रस्त्यावर खडूने मारलेल्या रेघेशी थांबायचं.

आधीपासून रेघेकडे बघत आलो की पाय बरोबर पडायचा. विचार करायला वेळ होता. म्हणून शेजारच्या मुलीला बोलावलं. ती रोज सिंहगड रस्त्यावरून हिंजवडीला मोपेडने जाते, आणि रहदारीत तिच्याइतकं शांत डोक्याने गाडी चालवणारं माणूस मी आमच्या सोसायटीत पाहिलेलं नाही. तिला म्हटलं, “तू कडेला उभी राहा आणि मनात येईल तेव्हा हात वर कर. हात दिसला की मी थांबतो.” तिने हात वर केला आणि माझा डावा पाय दाबला गेला. गाडी दुसऱ्यातून खाली गेली, इंजिन घुरघुरलं, वेग किंचित कमी झाला, आणि मी तिच्या पुढे निघून गेलो. माझ्या डोक्याला हे तीस वर्षांपासून ठाऊक होतं, पायाला ते त्या सकाळी पहिल्यांदा कळायला लागलं.

यावर उपाय सापडला तो पायाला नवं शिकवण्याचा नव्हता. पायाचं काम काढून घेण्याचा होता. “काका, तुम्ही पायाकडे जाऊच नका, हाताने थांबा ना,” असं ती सहज म्हणाली. तिच्या गाडीला पायात ब्रेकच नाही, दोन्ही ब्रेक हातात. माझ्या लक्षात आलं की उजव्या हातातला पुढचा ब्रेक हा जुन्या आणि नव्या गाडीतला एकमेव ब्रेक आहे ज्याची जागा बदललेली नाही. हात गोंधळणार नव्हता. गोंधळणारा अवयव बाजूला ठेवून आधी हाताला तरबेज करायचं ठरलं.

पण तिथे दुसरी जुनी शिकवण आडवी येत होती. “पुढचा ब्रेक दाबू नकोस, उलटा पडशील.” काकांनी हे मला इतक्या वेळा सांगितलं होतं की माझी बोटं त्या लिव्हरवर जायचीच नाहीत. काकांचं त्यांच्या काळापुरतं चुकत नव्हतं. त्या बुलेटच्या पुढच्या चाकात ड्रम ब्रेक होता. तारेने ओढला जायचा, तार सैल व्हायची, पावसात ड्रममध्ये पाणी गेलं की पहिले काही क्षण काहीच व्हायचं नाही आणि मग एकदम धरायचा. टायर अरुंद आणि कडक, रस्त्यावर वाळू, डांबर फुटलेलं. अशा ब्रेकवर भरवसा ठेवण्यापेक्षा मागचा दाबा, गिअर खाली आणा, इंजिनाच्या ओढीवर वेग मारा, असंच सगळे शिकले. खंबाटकी घाट तेव्हा दोन्ही बाजूंच्या वाहतुकीचा होता, बोगदा व्हायच्या आधीचा. तो उतरताना मी दुसऱ्या गिअरची धकधक ऐकत, ब्रेकला जवळजवळ हात न लावता खाली यायचो. ड्रम तापले की त्यांची पकड जाते, म्हणून घाटात ब्रेक राखून ठेवायचा असतो.

आताच्या गाडीच्या पुढच्या चाकाला ३०० मिलिमीटरची डिस्क आहे, मागेही डिस्क आहे आणि दोन्ही चाकांना एबीएस आहे, म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं, पुढचं टायर रस्त्यावर रुतून बसतं आणि मागचं हलकं होतं. म्हणजे थांबवण्याची खरी ताकद पुढे जमा होते, आणि मागचा एकटा ब्रेक नेमक्या गरजेच्या क्षणी दुबळा पडतो. हे फिजिक्स काकांच्या बुलेटलाही लागू होतं. फक्त त्या ताकदीचा फायदा घेणारा ब्रेक तिच्याकडे नव्हता.

माझा पेशा आकड्यांचा असल्यामुळे मी ते कागदावर मांडून पाहिलं. ताशी ६० च्या वेगात गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते. कोरड्या चांगल्या रस्त्यावर फक्त मागचा ब्रेक वापरला तर थांबायला साधारण ३५ मीटर लागतात, दोन्ही नीट वापरले तर २० च्या आसपास. यात हात हलेपर्यंतचं अंतर धरलेलं नाही. धोका दिसून बोटं आवळेपर्यंत तरण्या माणसाला एक सेकंद लागतो असं मानलं आणि मला दीड, तर तेवढ्यातच मी २५ मीटर गेलेलो असतो. म्हणजे माझ्या वयाने वाढवलेलं अंतर आठ मीटर, आणि योग्य ब्रेकने वाचवलेलं पंधरा. हा हिशेब मांडला त्या दिवशी माझी अर्धी भीती गेली. वय परत आणता येत नाही, पण ब्रेक शिकता येतो.

शिकायची रीत अशी. लिव्हर एकदम खेचायची नाही. आधी हलकेच दाबून पुढचं शॉकअब्सॉर्बर खाली बसू द्यायचं, त्याला वजन घेऊ द्यायचं, आणि मग जोर वाढवत न्यायचा. हे सगळं सेकंदाच्या आत होतं, पण क्रम तोच राहतो. वीसने सुरुवात, मग तीस, मग चाळीस. हँडल सरळ, नजर समोर लांबवर. नजर चाकाकडे गेली की खांदे आखडतात आणि गाडी वाकडी होते. चाळीसला एकदा मुद्दाम रस्त्याच्या कडेच्या बारीक वाळूवर सरळ रेषेत ब्रेक लावून पाहिला, एबीएस काम करताना हाताला काय जाणवतं ते कळावं म्हणून. लिव्हर बोटांखाली थरथरते, टकटक लागते. पहिल्यांदा ते जाणवलं की काहीतरी मोडलं असं वाटून माणूस ब्रेक सोडतो, आणि तेच करायचं नसतं. ती थरथर म्हणजे चाक जाम व्हायला आलं आणि यंत्राने पकड क्षणभर सैल करून पुन्हा दिली. तसंच दाबून धरायचं.

एबीएसच्या मर्यादाही त्याच रस्त्याने दाखवल्या. वाळूवर चाक जाम झालं नाही, पण थांबायला लागलेलं अंतर डांबरापेक्षा बरंच जास्त होतं. वळणावर गाडी कललेली असताना जोरात ब्रेक लावला तर हे साधं एबीएस आपल्याला वाचवेल असं धरून चालायचं नाही. वेग वळणाच्या आधीच मारायचा. ही घाटातली जुनी सवय मात्र जशीच्या तशी कामाला आली. आणखी एक, किल्ली फिरवली की मीटरवर एबीएसचा दिवा लागतो आणि गाडी चालायला लागली की विझतो. तो विझला नाही तर आज एबीएस नाही, असं समजून चालवायचं.

हात तयार झाल्यावर पाय आपसूक सुधारले. आपत्तीची जबाबदारी त्यांच्यावर राहिली नव्हती. गिअर टाचेने वर न्यायची सवय मी लावून घेतली, कारण दाबून वर नेणं माझ्या पायाला जुन्या गाडीपासून ओळखीचं होतं. बाजू बदलली, क्रिया तीच राहिली. पंजाने उचलून वर नेण्यापेक्षा हे माझ्या डोक्यात लवकर बसलं.

जुन्या गाडीचं काही बाकीही अंगात होतं, ते मी मुद्दाम जाऊ दिलं नाही. गाडी सुरू करायच्या आधी मी अजूनही दोन क्षण तिच्याशेजारी थांबतो. पूर्वी किल्ली फिरवून अँपिअरचा काटा बघायचा, किक हळूहळू दाबत तो काटा मध्यावर येईपर्यंत न्यायची, इंजिनातला दाब सोडणारी डीकॉम्पची कळ दाबून किक आणखी थोडी पुढे सरकवायची, सोडायची, वर आणायची, आणि मग पूर्ण वजन टाकून एकच किक. घाई केली तर किक उलटी यायची आणि नडगी सोलली जायची. आता बटण दाबलं की गाडी सुरू होते. चोक नाही, सकाळच्या थंडीत रुसणं नाही, पेट्रोल संपत आल्यावर डाव्या हाताने कॉक चाचपत रिझर्व्हला लावणं नाही. मला त्या कटकटींची ओढ नाही. पण त्या कटकटीत गाडीकडे बघण्याची सक्ती होती. चेन सैल आहे का, तेल गळतंय का, चाकात हवा आहे का, हे सगळं किक मारता मारता दिसायचं. आता ते आपणहून बघावं लागतं, म्हणून ते दोन क्षण.

आता रस्त्याचं.

शहरातली गर्दी वाढली हे सगळ्यांनाच माहीत आहे. मला आश्चर्य वाटलं ते मोकळ्या जागेबद्दलच्या समजुतीचं. पूर्वी पुढच्या वाहनाच्या मागे दहा-पंधरा फूट ठेवले तर ते माझे असायचे. आता ते अंतर म्हणजे कोणालातरी दिलेलं आमंत्रण. एखादी मोपेड डावीकडून येते आणि त्यात बसते, मी पुन्हा मागे सरतो, पुन्हा कोणी येतं. सुरुवातीला याचा राग यायचा. आता मी सरळ मागे सरत राहतो. दहा जण शिरले तरी घरी पोचायला मिनिटभर उशीर होतो, आणि मघाच्या हिशेबातले मीटर माझ्याकडे राहतात. सामान पोचवणाऱ्या मुलांना तर मी वाट देतोच. फोनच्या पडद्यावर त्यांची मिनिटं पळत असतात आणि त्यातल्या अनेकांच्या गाडीचा मागचा टायर गुळगुळीत झालेला असतो.

दिवसा दिवा लागलेला पाहून लोक अजूनही समोरून पंजा उघडझाप करून खुणावतात. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना दिवा बंद करायचं बटणच नाही हे त्यांना कुठे माहीत असणार? मी मान हलवून आभार मानतो. अनोळखी माणसाची काळजी घ्यायची ती जुन्या रस्त्यावरची रीत शिल्लक आहे, एवढं मला पुरतं.

खरा फरक कळला तो महामार्गावर, पुण्याहून साताऱ्याला पहिल्यांदा गेलो तेव्हा. माझा जुना रस्ता दुपदरी होता. त्या रस्त्यावर मरण समोरून यायचं. ओव्हरटेक करणारी एसटी, दिवे पाजळत अंगावर येणारा ट्रक, आणि आपण डाव्या कडेच्या मातीत उतरायला तयार. डोळे सतत समोर, मागे बघायची फारशी गरज नसायची, कारण सगळेच पन्नास-साठने चाललेले. माझ्या बुलेटला एकच आरसा होता, तोही थरथरून काही दाखवायचा नाही.

आज मध्ये दुभाजक आहे. समोरून येणारा, उलट्या दिशेने घुसलेला सोडला तर, नाही. धोका पाठीमागून येतो. चौपदरी महामार्गावर मोटरसायकलला कायद्याने ८० ची मर्यादा आहे आणि मोटारीला १००. कायदा पाळला तरी ताशी वीसचा फरक, आणि मोटारी कायद्याच्या वर चालतात हे कुठल्याही सकाळी खेड शिवापूरच्या नाक्यापलीकडे उभं राहून बघावं. मी सत्तरने चाललो आहे आणि मागची मोटार एकशे वीसने येते आहे, म्हणजे ती दर सेकंदाला माझ्या जवळजवळ चौदा मीटर जवळ येते. आरशात ठिपक्याएवढी दिसते आणि ट्रकला ओलांडायचा विचार मनात येऊन हँडल हलेपर्यंत शेजारी असते. म्हणून मला डोळ्यांची सवय नव्याने लावावी लागली. दर काही सेकंदांनी आरसा, लेन बदलायच्या आधी आरसा, मग इंडिकेटर, मग मान वळवून खांद्यावरून एक नजर, आणि मगच हँडल. आरशात न दिसणारा एक कोपरा असतो, तो मानेनेच बघावा लागतो. चोपन्नाव्या वर्षी मान तेवढी वळत नाही, तर सकाळी उठून ती वळवण्याचे व्यायाम करतो. डॉक्टरांच्या दाखल्यात मानेचं काही नव्हतं.

खंबाटकी आता जाताना एकेरी आहे, समोरून कोणी येत नाही. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या ओढीवर गाडी सोडली तेव्हा तीच जुनी लय अंगात आली. पण पूर्वी ती लय लागली की मी बेफिकीर असायचो. आता उतारावर मागे भरलेला ट्रक असेल तर त्याचे ब्रेक कसे असतील हे मला माहीत नसतं, म्हणून घाटात ट्रकच्या पुढे मी राहत नाही. कडेला रुंद जागा बघून त्याला जाऊ देतो.

परतीच्या वाटेवर कात्रजचा बोगदा ओलांडला की नवले पुलाकडे उतरणारा मोठा उतार लागतो. अवजड गाड्या तिथे भरधाव उतरतात, आणि ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांनी तिथे किती जणांना चिरडलं आहे हे पुण्यातला प्रत्येक माणूस जाणतो. तिथून मी दुचाकीवर येत नाही. शिंदेवाडीला महामार्ग सोडतो आणि जुन्या कात्रज घाटाने वर चढतो. वळणं आहेत, वेळ जास्त लागतो, रस्ता काही ठिकाणी उखडलेला आहे. पण तिथे धोका समोरून येतो, आणि समोरून येणारा धोका मला ओळखता येतो.

रात्री मी महामार्गावर जात नाही. समोरून आणि आरशातून येणारे पांढरे एलईडी दिवे या वयात डोळ्यात पसरतात, चष्म्याच्या काचेवर आणखी फाटतात, आणि त्या झगमगाटानंतरचे दोन-तीन सेकंद रस्ता दिसत नाही. दोन सेकंद म्हणजे सत्तरच्या वेगात चाळीस मीटर. तेवढं अंतर आंधळेपणाने जायचं मी नाकारलं आहे.

आता पुढचा सराव दोघांचा चालू आहे. बायकोला वाईला यायचं आहे. पूर्वी ती एका बाजूला पाय सोडून बसायची, साडी सावरत, हेल्मेटविना. आता दोन्हीकडे पाय टाकून, हेल्मेट घालून बसते, मागच्यालाही कायद्याने हेल्मेट लागतंच. मागे माणूस बसला की मागच्या चाकावर वजन वाढतं, त्या चाकाची हवा वाढवावी लागते, मागचा ब्रेक जास्त काम करायला लागतो आणि थांबायचं अंतर बदलतं. माझे एकट्याचे आकडे तिथे चालत नाहीत. शिवाय मी ब्रेक लावला की तिचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आपटतं, म्हणून तिने एक हात माझ्या कमरेला धरायचा आणि दुसरा टाकीला टेकवायचा, असं ठरवलं आहे. त्याच मोकळ्या वसाहतीत रविवारी जातो. गेल्या खेपेला तीसला थांबलो, चाळीसला थांबलो, आणि मी गाडी वळवून घरची वाट धरली तर मागून आवाज आला, “अहो, घरी काय निघालात? वाईला चाळीसने जायचंय का? आता पन्नासला मारा.”